शेडचा खर्च ६२ लाखांनी वाढला: तपासणी कुठून सुरू करायची

प्रश्न: सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मागांसाठी नवीन शेड बांधली. मंजूर बजेट ४२० लाख होतं, खात्यात ४८२ लाख दिसतात. ३० जूनला संपायचं काम ३१ ऑक्टोबरला संपलं. मालकांनी मला अंतर्गत लेखापरीक्षण करायला सांगितलं आहे. बजेट आणि प्रत्यक्ष खर्च, चेंज ऑर्डर आणि उशीर हे सगळं नेमकं कसं तपासू?

उत्तर:

पहिले दोन दिवस ठेकेदाराची फाईल उघडू नका. आधी ४२० आणि ४८२ हे दोन आकडे एकाच मापाचे आहेत का, ते बघा. बहुतेक वेळा ते तसे नसतात. मग ६२ लाखांचा जाब साइट इंजिनिअरला विचारला जातो आणि त्यातला बराचसा भाग त्याच्या हातातलाच नसतो.

तुम्ही एकूण बेरीजच दिली आहे, म्हणून पुढची फोड मी नमुन्यादाखल धरतो. त्या जागी तुमचे आकडे घाला. समजा बजेटमध्ये स्थापत्य ११० लाख, पीईबी, म्हणजे कारखान्यात बनवून आणलेल्या पोलादी भागांची शेड ९० लाख, यंत्रं १७० लाख, विद्युत काम ३० लाख आणि आकस्मिक खर्चासाठी २० लाख होते. खात्यात, म्हणजे भांडवली चालू कामाच्या लेजरमध्ये, स्थापत्य १५३.४, शेड १०६.२, यंत्रं १७२, विद्युत ३६ आणि व्याज १४.४ लाख आहे. बेरीज ४८२.

आता स्थापत्य आणि शेडची बिलं उघडा. मूळ रक्कम १३० आणि ९० लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३९.६ लाख. इमारत भांडवली खर्चात धरली की तिच्या बांधकामावरच्या जीएसटीची वजावट कलम १७(५) खाली मिळत नाही, म्हणून तो कर खर्चातच जाऊन बसतो. बजेट मात्र ठेकेदारांच्या कोटेशनवरून बनवलेलं असतं आणि कोटेशनच्या तळाशी 'कर वेगळा' असं लिहिलेलं असतं. ती ओळ कोणी वाचली नाही. बांधकाम काळातलं कर्जाचं व्याजही बजेटमध्ये धरलेलं नव्हतं. हे दोन्ही मिळून ५४ लाख झाले. ते बाजूला काढल्यावर खर्च ४२८ लाख राहतो आणि मंजूर रक्कम ४२०. म्हणजे कामावर झालेली खरी वाढ २८ लाख. त्यातले २० लाख आकस्मिक तरतुदीने पेलले आणि ८ लाख तिच्याही वर गेले.

५४ लाखांची चूक बजेट बनवताना झाली, काम करताना नाही. अहवालात हे ५४ लाख आणि कामावरची २८ लाखांची वाढ वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा, कारण त्यांना उत्तर देणारी माणसं वेगळी आहेत. मात्र ५४ लाख निघाले म्हणून तो भाग तिथेच सोडू नका. यंत्राला जमिनीशी जोडणारा पाया आणि त्याचा आधार हे जीएसटी कायद्यात यंत्रातच मोजतात, त्यामुळे त्यांच्यावरच्या कराची वजावट मिळू शकते. मागांसाठी, कॉम्प्रेसरसाठी किंवा ह्युमिडिफिकेशन प्लांटसाठी वेगळे पाये केले असतील आणि ते बिलात 'आरसीसी काम' या एकाच ओळीत गेले असतील, तर ती वजावट हातची जाते. ठेकेदाराकडून ते काम वेगळं दाखवणारी मोजणी घ्या आणि कर सल्लागाराला विचारा. वजावट घेण्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तिथवरच असते. त्यामुळे हा मुद्दा अंतिम अहवालाची वाट बघत ठेवू नका, आजच कळवा.

आता २८ लाखांकडे या. यंत्रांवरचे २ लाख भाडं, उतरवणूक आणि विम्याचे निघतील, दोन व्हाउचरांत विषय संपतो. विद्युत कामातले ६ लाख बहुधा केबलच्या लांबीतले असतात. बिलातली लांबी धरून न चालता ट्रान्सफॉर्मरपासून पॅनलपर्यंतची प्रत्यक्ष वाट टेपने मोजा. केबल ड्रममधून कापली जाते, म्हणून ड्रमवरचा आकडा आणि स्टोअरमध्ये परत आलेला तुकडा एकत्र बघावा लागतो.

स्थापत्यातले २० लाख हा खरा गाभा आहे आणि त्यात आपल्या भागाची काळी माती हमखास असते. सोलापूरच्या जमिनीत वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा खडक. काळ्या मातीची जाडी एकाच प्लॉटमध्ये एका कोपऱ्यात दोन फूट तर दुसऱ्या कोपऱ्यात पाच फूट असू शकते. ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मागांच्या फरशीखाली ठेवता येत नाही. फरशी हलली की मागांची लेव्हल जाते. त्यामुळे माती काढून तिथे मुरूम भरायलाच लागतो. चाचणीचे खड्डे प्लॉटच्या दर्शनी बाजूला, रस्त्याजवळ घेतले आणि शेड मागच्या अंगाला बांधली, की खोदाईच्या दिवशी चेंज ऑर्डर, म्हणजे ठरल्यापेक्षा बदललेल्या कामाचा आदेश, जन्माला येते.

समजा २० पैकी १२ लाखांची चेंज ऑर्डर याच कामाची आहे. फरशी १५० फूट गुणिले १०० फूट, आणि ठरल्यापेक्षा सरासरी २ फूट जास्त खोल जावं लागलं. म्हणजे ३०,००० घनफूट, १०० घनफुटांचा एक ब्रास या हिशेबाने ३०० ब्रास. ठेकेदाराची मागणी अशी आहे: जादा खोदाई ३९० ब्रास, ६०० रुपये दराने २.३४ लाख, मुरूम ४२० ब्रास, १,५०० रुपये दराने ६.३० लाख, थर देऊन पाणी मारणं आणि रोलिंग १.२० लाख, काळी माती बाहेर वाहून नेणं २.१६ लाख. बेरीज बरोबर १२ लाख. बेरीज बरोबर आहे म्हणून बिल पास झालं असेल, तर तिथेच थांबा.

भरावाचे ४२० ब्रास कुठून आले? १४० टिपर, प्रत्येकी ३ ब्रास. गेटवरच्या नोंदवहीत टिपर सापडतील आणि संख्या जुळेलही. मुरूम टिपरमध्ये सैल असतो. थर देऊन, पाणी मारून रोलर फिरवला की तो साधारण पाऊण भागावर येतो. ४२० ची पाऊण म्हणजे ३१५, जागेवर ३०० ची पोकळी. म्हणजे टिपर खरोखर आले, चोरी झाली असं म्हणायला काही आधार नाही. तरीही बिल चुकीचं आहे, कारण वर्क ऑर्डरमधल्या भरावाच्या बाबीत माप 'दाबून झालेल्या भरावाचं, लेव्हल घेऊन' असं लिहिलेलं असतं आणि दरात सैल मालाची घट धरलेली असते. त्याच मापाने ३०० ब्रासचे ४.५० लाख होतात. फरक १.८० लाख.

खोदाईत हेच उलट्या बाजूने घडतं. जमिनीतली ३०० ब्रास माती खोदली की ती फुगून टिपरमध्ये ३९० भरते. खोदाईचं माप खड्ड्याचं असतं, टिपरचं नाही. ३०० ब्रासचे १.८० लाख होतात, म्हणजे ५४ हजार जास्त मागितले. रोलिंगचे १.२० लाख तर पूर्णच जातात, कारण भरावाच्या बाबीचं वर्णन शेवटपर्यंत वाचलं की 'थर देणे, पाणी मारणे, रोलर फिरवणे यासह' असे शब्द मिळतात. बीओक्यूच्या, म्हणजे कामाच्या बाबी आणि मापांच्या यादीतल्या, बाबीचं लांबलचक वर्णन कोणी वाचत नाही आणि दुबार आकारणी तिथेच शिरते. वाहतुकीचे २.१६ लाख मात्र मान्य होऊ शकतात, जर मूळ खोदाईच्या दरात ठरावीक अंतरापर्यंतचीच वाहतूक असेल आणि माती कुठे टाकली याची नोंद असेल. अशा रीतीने १२ पैकी ८.४६ लाख योग्य आणि ३.५४ लाखांवर आक्षेप.

हा हिशेब उभा राहतो तो लेव्हलच्या नोंदींवर. खोदाईआधी, खोदाईनंतर आणि भराव झाल्यावर, अशा तीन वेळा ऑटो लेव्हलने एकाच ग्रिडवर नोंदी घेतलेल्या हव्यात. तुमच्याकडे मधली नोंद नसण्याची शक्यता मोठी आहे आणि आता वर फरशी पडली आहे. तरी मार्ग आहे. फरशीच्या कडेला, कॉलमपासून लांब, इंजिनिअरच्या सल्ल्याने ३-४ ठिकाणी कोअर काढून मुरुमाची जाडी बघता येते. पायाच्या प्रत्येक खड्ड्याची खोली मेजरमेंट बुकात असते, तिच्यावरून काळ्या मातीचा तळ कुठे होता तेही कळतं. साइटवरचे मोबाइल फोटो तारखेनिशी मागवा. खड्ड्यात उभ्या माणसाच्या शेजारी पट्टी दिसत असेल तर तो फोटो उत्तम पुरावा.

आता मंजुरी. तारखा एका ओळीत मांडा: साइटवर सूचना कधी दिली, काम कधी केलं, कोणत्या आरए बिलात, म्हणजे काम चालू असताना दिलेल्या टप्प्याच्या बिलात मोजलं, चेंज ऑर्डरवर सही कधी झाली. माती काढायचं काम मार्चमध्ये झालं आणि सही जूनची असेल, तर ती मंजुरी नव्हे, झालेल्या खर्चाची नोंद आहे. दुसरं, रकमा बघा. प्रकल्पप्रमुखाची मर्यादा ५ लाख असेल आणि हेच १२ लाखांचं काम ४.६, ४.३ आणि ३.१ लाखांच्या तीन कागदांत, एकाच आठवड्यात, एकाच ठेकेदाराला दिलेलं असेल, तर तुकडे का पाडले ते विचारा. कधी खरंच तीन टप्प्यांत खोली कळत जाते. तसं असेल तर तिन्ही टप्प्यांच्या लेव्हल वेगळ्या असतील.

इथे एक भेद नीट पाळा. माती परीक्षण आधी चांगलं झालं असतं तरीही ३०० ब्रास माती काढावीच लागली असती, मुरूम भरावाच लागला असता. म्हणून मान्य झालेले ८.४६ लाख 'नुकसान' म्हणून लिहू नका. ते बजेटमध्ये आधी यायला हवे होते, एवढंच. अपुऱ्या माती परीक्षणाचं खरं नुकसान म्हणजे नकाशा बदलेपर्यंत थांबलेलं काम, आणि ते उशिराच्या हिशेबात येतं. हे दोन्हीकडे मोजलं तर अहवाल पहिल्याच बैठकीत कोसळतो.

शेडची रक्कम ९० ची ९० आहे, म्हणून ती सोडून देऊ नका. पीईबीचा ठेका ठोक रकमेचा असला की फरक शून्य दिसतो, पण दोन बदल एकमेकांना झाकत असू शकतात. मंजूर नकाशात मेझॅनिन, म्हणजे मधला माळा, होतं आणि जागेवर नाही, असं आढळलं तर त्याची वजाबाकी कुठे आहे? जादा कामाची चेंज ऑर्डर ठेकेदार आणतो, कमी झालेल्या कामाची कोणीच आणत नाही. मंजूर नकाशा हातात घेऊन शेडमध्ये एक फेरी मारा आणि नसलेल्या गोष्टींची यादी करा. ठेका किलोवर असेल तर वजनकाट्याच्या पावत्यांची बेरीज नकाशातल्या वजनाशी ताडा.

आता १२३ दिवसांचा उशीर. सगळे जण पावसाकडे बोट दाखवतील. भारतीय हवामान विभागाचं सोलापुरात केंद्र आहे, तिथल्या रोजच्या पर्जन्याच्या नोंदी घ्या आणि साइटच्या दैनंदिन अहवालाशेजारी ठेवा. सोलापुरात जोराचा पाऊस मुख्यतः सप्टेंबरात असतो. जून-जुलैतला खोळंबा पावसावर ढकलला असेल तर त्या तारखांना पाऊस झाला होता का, हे अर्ध्या तासात कळतं.

मग उशीर साखळीने मांडा: कोणत्या कामामुळे पुढचं काम अडलं. नमुना असा. माती आणि पायाचा नकाशा बदलण्यात ३८ दिवस गेले, हे कंपनीकडे. पीईबीवाल्याला अँकर बोल्टच्या नकाशावर सही मिळायला २५ दिवस जास्त लागले, हेही कंपनीकडे. सहीशिवाय तो फॅब्रिकेशन सुरू करत नाही, म्हणून हे दिवस थेट पुढे सरकतात. ठेकेदाराकडे माणसं कमी होती, त्याचे २० दिवस. इथवर ८३ दिवस होतात आणि शेड २१ सप्टेंबरला तयार होते. उरलेले ४० दिवस महावितरणच्या वाढीव भाराच्या जोडणीसाठी गेले. मूळ वेळापत्रकात भारवाढीचा अर्ज जानेवारीत होता, प्रत्यक्षात तो जुलैत गेला. बांधकाम कितीही लवकर संपलं असतं तरी वीज आलीच नसती. म्हणून आवक-जावक नोंदवहीतली त्या अर्जाची तारीख हा तुमच्या अहवालातला फार महत्त्वाचा पुरावा आहे.

दोन कारणं एकाच वेळी चालू असतील तर त्यांचे दिवस बेरजेत दोनदा धरू नका. नकाशा बदलत असताना ठेकेदाराकडे माणसं कमी होती, असं निघालं तर ते दिवस त्याच्यावर टाकता येणार नाहीत, माणसं असती तरी काम अडलेलंच होतं. हजेरीपट आणि नकाशाच्या सुधारित प्रतींच्या तारखा शेजारी ठेवल्याशिवाय ते २० दिवस कोणाच्याही नावावर लिहू नका.

ते खरोखर ठेकेदाराचे ठरले तर करारातली दंडाची अट बघा. समजा दर पूर्ण आठवड्याला ठेक्याच्या किमतीच्या अर्धा टक्का, कमाल ५ टक्के. २० दिवसांत दोन पूर्ण आठवडे, ११० लाखांवर १.१० लाख. पण उशिराने काम स्वीकारताना आपण भरपाई मागणार आहोत असं कळवलेलं नसेल, तर भारतीय करार कायद्याचं कलम ५५ आड येऊ शकतं. म्हणून मुदतवाढीची पत्रं आधी वाचा. 'मुदतवाढ दंडाशिवाय' असे दोन शब्द सहीनिशी गेले असतील, तर दंड मागण्यापेक्षा ते कोणाच्या अधिकारात लिहिले हाच आक्षेप होतो.

उशिराची किंमतही मोजा, पण फक्त जी दाखवता येते ती. माग मूळ वेळापत्रकाप्रमाणे जूनमध्ये येऊन पेटीत पडून राहिले. त्यासाठी काढलेलं कर्ज १२० लाख आणि व्याज १० टक्के धरलं, तर चार महिन्यांचे ४ लाख निव्वळ वाट बघण्याचे. खात्यातल्या १४.४ लाखांत हे आहेतच, म्हणून वेगळे मिळवू नका, त्यातून वेगळे दाखवा. लेखामानकाप्रमाणे काम दीर्घकाळ खरोखर बंद असेल तर त्या काळातलं व्याज मालमत्तेत न धरता नफा-तोट्यात न्यावं लागतं. ही नोंद वैधानिक लेखापरीक्षकाआधी तुम्हीच करा. आणखी एक: यंत्र त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर आयकरात निम्माच घसारा मिळतो. २१ सप्टेंबरला माग चालू झाले असते तर ही अट पार पडली असती, ३१ ऑक्टोबरमुळे हुकली. १७२ लाखांवर १५ टक्क्यांनी २५.८ लाखांऐवजी १२.९ लाख घसारा. उरलेला पुढच्या वर्षांत मिळतो, म्हणून हा तोटा नाही, पैसा उशिरा सुटणं आहे, तसंच लिहा. ईपीसीजी, म्हणजे निर्यातीच्या अटीवर यंत्रांच्या आयात शुल्कात सवलत देणाऱ्या योजनेखाली आयात केलेले माग असतील तर बसवल्याच्या दाखल्याची मुदत लगेच तपासा. यंत्राची वॉरंटी 'चालू केल्यापासून १२ महिने किंवा रवाना केल्यापासून १८ महिने, जे आधी' अशी असेल तर त्यातले महिनेही पेटीतच गेले.

अहवालासाठी मोठ्या तक्त्याची गरज नाही. पहिल्या पानावर ४२० पासून ४८२ पर्यंतची पायऱ्यांची मांडणी असू द्या: बजेटमध्ये न धरलेला कर ३९.६, व्याज १४.४, आणि आकस्मिक तरतूद संपवून वर गेलेले ८. प्रत्येक पायरीशेजारी पुराव्याचा कागद आणि उत्तर देणाऱ्याचं पद लिहा, नाव नको. कंपनीच्या ताळेबंदाच्या टिपांसाठीही हेच पान लागू शकतं, कारण कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मधल्या २०२१ च्या बदलांनंतर, वर्षअखेरीस चालू असलेल्या कामाची मुदत उलटली असेल किंवा खर्च मूळ योजनेपेक्षा वाढला असेल तर ते जाहीर करावं लागतं.

हे सगळं करताना अंतिम बिलावर नजर ठेवा. समजा ठेकेदाराच्या बिलांतून ५ टक्के रिटेन्शन रोखून ठेवलं आहे, तर १३० लाखांच्या कामावर ६.५ लाख अजून कंपनीकडे आहेत. मुरुमाचा आक्षेप ३.५४ आणि दंड लागू पडला तर १.१० धरून ४.६४ लाख त्यात बसतात. अंतिम बिलावर 'हिशेब पूर्ण' अशी सही होण्याआधी, करारात वळत्या करून घेण्याची अट आहे का ते बघून, लेव्हलचा तक्ता जोडून आक्षेपाचं पत्र ठेकेदाराला जायला हवं आणि त्याची पोच हवी. पूर्ण अहवालाला महिना लागला तरी चालेल, हे पत्र या आठवड्यात पाठवा.